ग्रुप उभाच का पडतोय? ५० मीटर प्रोनचं टार्गेट वाचायला मदत हवी

रंकाळा_राजू
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, तीन वर्षं झाली पॉइंट टूटू रायफलने ५० मीटर प्रोन करतोय, आधी दोन वर्षं एअर रायफल केली होती. गेल्या दोन महिन्यांपासून एक गोष्ट डोकं खातेय. माझा ग्रुप गोल पडतच नाही. दहा शॉट्सची सिरीज घेतली की आडवा पसारा १२ मिमीच्या आसपास, आणि उभा २६. असं एकदा नाही, चार रविवार झाले. टार्गेट लांबून बघितलं तर कुणीतरी पेन्सिलीने उभी रेघ ओढल्यासारखं दिसतं. आणि त्यात एखादा शॉट भलतीकडेच, परवा दोन वाजताच्या दिशेला ८.६ गुणांवर गेला, तो सुटला तेव्हा मला अगदी स्वच्छ वाटलेला, मी मनात १०.२ म्हणालो होतो.

क्लबमधे विचारलं तर एक जण म्हणतो काडतूस बदल, दुसरा म्हणतो बॅरल गेली, तिसरा म्हणतो श्वास. काडतुसाचा महागडा लॉट घ्यायचा विचार चाललाय, पण पैसे घालायच्या आधी कळायला हवं की दोष माझा, रायफलचा की गोळीचा. टार्गेट बघून हे ओळखता येतं का?

सुभेदार_निवृत्त
राजू, श्वास. दुसरं काही नाही. पालथं पडल्यावर छाती भरली की खांदा वर उचलला जातो आणि नळीचं तोंड खाली जातं, श्वास सोडला की तोंड वर. म्हणजे हालचाल होते ती उभीच. तू दर वेळी श्वासाच्या वेगळ्या जागी ट्रिगर सोडतोयस, म्हणून उभी रेघ. आम्ही पोरांना हेच पहिल्या आठवड्यात शिकवायचो. श्वास अर्धा सोड, थांब, चार-पाच सेकंदात शॉट गेला नाही तर रायफल खांद्यावरून न काढता पुन्हा श्वास घे.

टेक्सासचा_पाटील
मी इकडे ह्यूस्टनजवळ रेंजवर जातो, ३०८ बोल्ट अॅक्शन आहे. माझा पण सेम उभा ग्रुप यायचा. शेवटी कळलं की बॅरल तापली की पुढे लाकडी स्टॉकला टेकत होती. स्टॉकची खोबण घासून बॅरल मोकळी केली आणि प्रॉब्लेम संपला. कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवून बघ, अडकली तर तेच कारण. उभा ग्रुप म्हणजे रायफल, हे माझं ठाम मत.

बावीस_मास्तर
पाटीलसाहेब, तुमच्या ३०८ मधे जे झालं ते खरंच होतं, पण राजूच्या रायफलीला ते जसंच्या तसं लागू होणार नाही. पॉइंट टूटूमधे दारू चिमूटभर असते, दहा शॉट्समधे मॅच बॅरल हाताला जेमतेम कोमट लागते. शिवाय मॅच रायफलची बॅरल आधीच मोकळी तरंगती असते. मात्र कागदाची पट्टी सरकवून बघायला काही हरकत नाही, एका मिनिटाचं काम आहे. अॅक्शनचे दोन स्क्रू मात्र टॉर्क रेंचने नक्की बघ, ते सैल असले तर काय वाट्टेल ते दिसतं.

सुभेदारसाहेब, श्वासाचं तुम्ही बरोबर सांगितलंत. पण उभ्या रेघेला निदान चार वेगळी कारणं असू शकतात आणि ती नुसत्या आकारावरून वेगळी करता येत नाहीत. क्रमावरून येतात. राजू, मला तीन गोष्टी सांग. पहिली, दहा शॉट्स कुठल्या क्रमाने कुठे पडले? इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर स्क्रीनवर नंबर दिसतातच. दुसरी, प्रत्येक शॉट सुटला त्या क्षणी तू मनात काय म्हणालास आणि प्रत्यक्षात काय निघालं? तिसरी, तीच रायफल आणि तेच काडतूस, पण रायफल रेस्टवर ठेवून काय पडतं? ही तीन उत्तरं आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नकोस.

रंकाळा_राजू
सर, क्रम लिहून ठेवला नाही कधी :( सिरीजच्या शेवटी नुसता फोटो काढतो. रविवारी करतो.

आर्या_ची_आई
माझी मुलगी बारा वर्षांची आहे, १० मीटर एअर रायफल. तिचे पण सगळे खाली खाली जातात हो. मॅडम म्हणतात पेलेट ४.४९ ऐवजी ४.५० घ्या. घ्यावे का?

मेघना_थ्रीपी
ताई, हा धागा ५० मीटरचा आहे पण तुमचा प्रश्न तसा जवळचाच आहे. खाली "पसरतात" की खाली "सरकत जातात"? सगळे एकाच ठिकाणी पण खाली असतील तर ती फक्त साइटची बाब, चार क्लिक द्या आणि विसरा. पण सुरुवातीला मधे आणि चाळीस-पन्नास शॉट्सनंतर खाली असं असेल तर आधी सिलिंडरचा गेज बघा. हवा अगदी संपत आली की रेग्युलेटर दाब टिकवू शकत नाही आणि पेलेट हळू होऊन खाली जायला लागतं. पेलेटच्या आकाराने ग्रुप थोडा लहान-मोठा होईल, पण सगळेच खाली नाही जाणार. आणि बारा वर्षांची आहे तर हातही दमतो हो, एअर रायफल उभ्याने असते. गेज भरलेला असेल तर शॉट्सची संख्या कमी करून बघा.

आर्या_ची_आई
गेज कधी बघितलाच नाही. क्लबवाले भरतात तेवढंच. बघते, थँक्यू ताई 🙏

सातारकर_वारा
वाऱ्याचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे मोकळी रेंज आहे त्यामुळे मला आधी तेच दिसतं. राजू, तुझी रेघ अगदी सरळ उभी आहे की किंचित तिरकी? नीट बघ. उजव्या पिळाच्या बॅरलमधे वारा उजवीकडून आला की गोळी डावीकडे जाते आणि थोडी वर पण चढते, डावीकडून आला की उजवीकडे आणि थोडी खाली. म्हणून वारा मागेपुढे होत असला की ग्रुप दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत असा तिरका लांबतो. पहिल्यांदा मला हे कुणी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं, मग झेंड्या बघत शॉट्स मारले आणि कागदावर तेच आलं.

रंकाळा_राजू
तिरकी नाही, सरळ उभी. आमची रेंज तिन्ही बाजूंनी भिंतीची आहे, वारा फार नसतो.

सातारकर_वारा
मग वारा सोड. आडवा पसारा १२ म्हणजे वारा तुला त्रास देतच नाहीये.

आकडेमोड
मी नेमबाज नाही, मोठा भाऊ आहे म्हणून रेंजवर जातो आणि बसून हिशोब करतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही लोक ग्रुप मोजता म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजता. दहातल्या आठ शॉट्सचं मत तिथे घेतलंच जात नाही. त्यामुळे हे माप फार उड्या मारतं. तीच रायफल, तोच माणूस, तेच काडतूस, काहीही बदललेलं नसताना पाच शॉट्सचा एक ग्रुप १२ मिमी आणि पुढचा २० येऊ शकतो, त्यात नवल नाही. आणि शॉट्स वाढवले की ग्रुप वाढतोच, पाचचा सरासरी २० असेल तर दहाचा साधारण २५ येणार. म्हणून एक ग्रुप या काडतुसाचा, एक त्या काडतुसाचा आणि लहान आला तो लॉट भारी असं ठरवू नका. प्रत्येकाचे निदान चार-पाच ग्रुप घ्या, तेवढ्याच शॉट्सचे, मग सरासरी.

राजूच्या बाबतीत मात्र चार रविवार उभं हे आडव्याच्या दुप्पट आहे. हे योगायोगाने होणार नाही.

सुभेदार_निवृत्त
आणि "तो एक फ्लायर सोडला तर ग्रुप काय मस्त आहे" म्हणणारे फार भेटतात. तो एक पण तुझ्याच नळीतून गेलाय बाबा.

गडहिंग्लजचा_गणू
कोल्हापुरात प्रोनचा विषय आणि तेजस्विनीताईंचं नाव नाही असं कसं. २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड, ५० मीटर प्रोन, ५९७. आणि २०२४ ला पॅरिसमधे आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल, थ्री पोझिशनमधे ब्राँझ. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले होते. राजूभाई तुमचा नंबर पण लागेल.

रंकाळा_राजू
गणू 😀 आधी रेघ गोल होऊ दे.

रंकाळा_राजू
मंडळी, रविवार झाला. सविस्तर लिहितो कारण मास्तरांनी सांगितलं तसंच केलं.

आधी प्रोन. दहाच्या चार सिरीज, प्रत्येक शॉटनंतर स्क्रीन बघायच्या आधी वहीत मनातला आकडा आणि दिशा लिहिली. चारही सिरीजमधे एकच गोष्ट दिसली आणि मी थक्क झालो. पहिले तीन शॉट्स मध्यापासून साधारण ६-७ मिमी वर, मधले चार मध्यावर, शेवटचे तीन ८-९ मिमी खाली. पायरी उतरल्यासारखं. दर सिरीजनंतर मी उठून बसलो, पाणी प्यायलो, परत पालथा पडलो, की पुढची सिरीज पुन्हा वरून सुरू. आणि माझ्या वहीत काय? सगळे "१०, मधे". म्हणजे खाली गेलेले शॉट्स मला सुटताना खाली वाटलेच नाहीत.

मग रेस्ट. क्लबच्या एका दादांनी वाळूच्या पिशव्या लावून दिल्या, तेच काडतूस, दहाचे पाच ग्रुप. उभं माप १६, १४, १९, १५, १६. आडवं पण जवळपास तेवढंच. सगळे गोल, कुठे रेघ नाही. पन्नासात एक शॉट मात्र बाहेर गेला, खाली डावीकडे, त्याने तो १९ चा ग्रुप झाला.

आकडेमोड
रेस्टची सरासरी १६, प्रोनची २६. आता हे बघ. काही लोक म्हणतील रायफल-काडतुसाचे १६ आणि तुझे १०. तसं नसतं, हे पसारे वर्गात मिळतात. २६ चा वर्ग ६७६, १६ चा २५६, फरक ४२०, त्याचं वर्गमूळ साडेवीस. म्हणजे तुझ्या बाजूचा उभा पसारा वीसच्या वर आहे. आता समज तू महागडं काडतूस आणलंस आणि ते इतकं भारी निघालं की रेस्टचं माप निम्मं, ८ झालं. तरी प्रोनमधे ४२० अधिक ६४, म्हणजे २२. एवढे पैसे घालून २६ चे २२. आधी स्वतःची बाजू बघ. खरं तर तुझी बाजू एका दिशेने सरकतेय त्यामुळे हा हिशोब ढोबळच धरायचा, पण दिशा तीच दाखवतो.

टेक्सासचा_पाटील
ओके, रेस्टवर गोल म्हणजे रायफल निर्दोष. माझं मत मागे घेतो. पण पहिले वर आणि मग खाली हे तापल्यासारखंच वाटतंय अजून!

बावीस_मास्तर
पाटीलसाहेब, शंका रास्त आहे, पण रेस्टवर पण दहा-दहाच मारले ना त्याने, तिथे का नाही सरकलं? आणि दर सिरीजनंतर पाच मिनिटांत बॅरल गार होऊन पुन्हा वरून सुरू होईल इतकी ती तापतच नाही. उठून बसल्यावर जे नव्याने लागतं ते राजूचं शरीर आणि दंडाला बांधून रायफल पेलणारा पट्टा, म्हणजे स्लिंग.

श्वास असता तर वर-खाली कुठल्याही क्रमाने पडले असते, तिसरा खाली, चौथा वर. काडतुसाचा वेग कमीजास्त असता तरी तसंच, आणि ते रेस्टवर पण दिसलं असतं. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिमी खाली-वर जाते, म्हणजे खराब लॉट असता तर लपला नसता. राजूचं क्रमाने उतरतंय, म्हणजे काहीतरी हळूहळू ढिलं होतंय. माझा संशय स्लिंगवर.

आता कुणी विचारेल, स्लिंग सरकली तरी हा प्रत्येक शॉटला नेम धरतोच ना, मग खाली का? त्याचं असं आहे. स्लिंग दंडावरून खाली सरकली की रायफलची नैसर्गिक जागा खाली जाते. डोळ्याला ते दिसतं, म्हणून नकळत खांदा आणि डावा हात रायफल वर ढकलतात आणि रिंगमधे काळा गोल बरोबर मधे दिसतो. म्हणून तू दर वेळी "१०, मधे" लिहिलंस, तुझं चुकलं नाही. पण ट्रिगर सुटतो त्या क्षणी स्नायू सैल पडतो आणि गोळी नळीत असतानाच रायफल आपल्या जागी, खाली जाते.

तपासायचं कसं तर सातव्या शॉटच्या आधी नेम धर, डोळे मीट, दोनदा सावकाश श्वास घे, सोड, आणि डोळे उघड. साइट कुठे आहे ते बघ. गोलाच्या खाली असेल तर झालं. आणि जॅकेटच्या डाव्या बाहीवर स्लिंगचा घासलेला पट्टा असतो, तो नीट बघ. एक आहे की दोन?

मेघना_थ्रीपी
+१. आणि ट्रिगरनंतर रायफल कुठे परत येते ते पण बघ. माझी स्लिंग ढिली असली की शॉटनंतर साइट गोलावर परत न येता खालीच थांबते. फॉलो-थ्रू दोन सेकंद धरला की दिसतं.

रंकाळा_राजू
सर, आत्ता घरी जॅकेट काढून खिडकीपाशी धरलं. दोन पट्टे आहेत. एक वर, जिथे मी स्लिंग बांधतो, तिथे कॅनव्हास चकचकीत झालाय. दुसरा त्याच्या खाली बरोबर दोन बोटं, फिकट. आणि स्लिंग अडकवायचं बाहीवरचं बटण… ते नाहीये. नुसता दोरा आहे. कधी तुटलं माहीत नाही. दोन महिन्यांपूर्वी जॅकेट धुवायला टाकलेलं, त्यानंतरच सुरू झालं हे सगळं.

सुभेदार_निवृत्त
एका बटणापायी लॉट बदलायला निघाला होतास! जा, सुई-दोरा घे, आणि दोरा जाड घे.

गडहिंग्लजचा_गणू
😂😂 महाद्वार रोडला मिळेल बटण, लॉटपेक्षा स्वस्त.

रंकाळा_राजू
अपडेट, पुढचा रविवार. चप्पल शिवणाऱ्या काकांकडून मेणाच्या दोऱ्याने बटण पक्कं करून घेतलं. आधी मुद्दाम बटण न लावता एक सिरीज मारली, सातव्या शॉटआधी डोळे मिटून उघडले तर साइट काळ्या गोलाच्या खालच्या कडेला होती. अंगावर काटा आला. मग बटण लावून चार सिरीज. उभी मापं १९, १७, २०, १८, आडवं १३-१४. उतरती पायरी गेली. आता जे वर-खाली आहे ते कुठल्याही क्रमाने आहे, म्हणजे सुभेदारकाकांचा श्वास त्यात असणार, त्यावर काम करतो.

पण फ्लायर. चाळीसात एक अजून गेला, परत दोन-तीन वाजताच्या बाजूला, ८.९. मनातला आकडा १०.४. हा कशाचा?

सातारकर_वारा
आजूबाजूचे शॉट्स बघ. शेजारच्या लेनमधे दार उघडलं होतं का? झुळूक एका शॉटपुरती पण येते.

बावीस_मास्तर
याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं सांगतो की हळू निघालेलं काडतूस सरळ खाली पडतं, बाजूला जात नाही, म्हणून तुझा दोन-तीन वाजताचा शॉट वेगाचा नाही वाटत. बाजूला जाणारा आणि तुला न कळलेला शॉट म्हणजे एकतर तू कॉल चुकवलास, ट्रिगरला धक्का बसला आणि डोळा मिटला, किंवा गोळीच जखमी होती. एक विचारतो, काडतुसं कुठे ठेवतोस?

रंकाळा_राजू
डब्यातून दहा काढून मॅटवर शेजारी ओततो.

बावीस_मास्तर
तिथेच थांब. पॉइंट टूटूच्या शिशावर मेणासारखं वंगण असतं, बोटाला चिकट लागतं बघ. मॅटवरची वाळू त्याला चिकटते. एक काडतूस उचलून उन्हात फिरवून बघ, बारीक कण चमकतील. तो कण गोळीबरोबर नळीत जातो आणि गोळी ओरखडून निघते. शिसं मऊ आहे, काडतुसं एकमेकांवर आपटली तरी कडेला खोच पडते. लाकडाचा भोकांचा ठोकळा कर, प्रत्येक काडतूस उभं ठेव, आणि भरताना चेंबरच्या काठावर घासू देऊ नकोस. याने जाईलच असं मी म्हणत नाही, पण हे बंद केल्याशिवाय लॉटला दोष देता येणार नाही.

आकडेमोड
आणि तो शॉट ग्रुपमधून वगळू नकोस. वहीत लिहून ठेव, मनातला आकडा, खरा आकडा, दिशा, किती नंबरचा शॉट. दोनशे शॉट्समधे असे पाच जमले आणि पाचही उजवीकडे असतील तर तो योगायोग नाही, ट्रिगर किंवा खांदा बघावा लागेल. सगळ्या दिशांना विखुरले असतील तर काडतूस. रेस्टवरचा एक खाली-डावीकडे गेला होता हे विसरू नकोस, तिथे रायफल तू नाही, पिशव्यांनी पेलली होती. मला तरी काडतुसाचाच वास येतोय.

मेघना_थ्रीपी
मला ट्रिगर वाटतो. दोनदा दोन-तीन वाजता, आणि राजू उजव्या हाताचा आहे. ड्राय फायर कर वीस वेळा, रिकाम्या केसवर, आणि क्लिकच्या क्षणी साइट हलते का बघ.

टेक्सासचा_पाटील
इकडे एक जण सांगत होता की मोठे नेमबाज आपली बॅरल घेऊन थेट काडतुसाच्या कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात आणि लॉट निवडून आणतात. खरं आहे का?

बावीस_मास्तर
खरं आहे. जर्मनीत आणि इंग्लंडमधे तशा रेंज आहेत, बॅरल क्लॅम्पमधे घट्ट बसवून एकामागून एक लॉट मारून बघतात. एकाच कारखान्याचं, एकाच डब्यावर तेच नाव असलेलं काडतूस, पण लॉट बदलला की त्याच बॅरलमधे १२ मिमीचा ग्रुप १८ होतो. उलट दुसऱ्याच्या बॅरलमधे तोच लॉट सुंदर चालतो. म्हणून मित्राने सांगितलेला लॉट डोळे झाकून घेऊ नये. आणि लॉट बदलून टेस्ट करताना पहिले पंधरा-वीस शॉट्स मोजू नका, नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो, नवा बसेपर्यंत गोळ्या भटकतात.

आर्या_ची_आई
परत आले. गेज बघितला, लालमधे होता! भरून घेतला, आता खाली जात नाहीत. पेलेट घेतलेच नाहीत.

रंकाळा_राजू
वा ताई! मी आज संध्याकाळी सुताराकडून ठोकळा घेऊन आलो, पन्नास भोकं, सागवान. काडतुसाला एका बाजूने ऊन दाखवलं तर खरंच कण चमकले, दहातल्या तिघांवर. तिन्ही काडतुसं वेगळी ठेवलीत, रेस्टवरून मारून बघणार आहे. ड्राय फायर पण केला, वीसात दोनदा साइट उजवीकडे टचकन हलली, त्यामुळे मेघनाताईंचं पण खोटं नाही. दोनशे शॉट्सची वही सुरू केलीय, आजपासून एक नंबर.

सुभेदार_निवृत्त
दोनशे झाले की इथेच लिही. आणि श्वास.